पाणी आता कुठे आहे? जलचक्राच्या पाठावरील सोपे आकलनप्रश्न

प्राथमिक शाळेत जलचक्राचा पाठ संपला की त्याखालचे प्रश्न बहुधा एकाच साच्यातून आलेले असतात. पाणी तापले की त्याचे काय होते, ढग कशाचे बनतात, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, अशा या प्रश्नांची उत्तरे वर्गातील बहुतेक मुले बरोबर देतात आणि पाठ समजला असे गृहीत धरून पुढचा पाठ सुरू होतो. या समजुतीतील उणीव दाखवण्यासाठी एक निरर्थक वाक्य पुरते: ‘टुमक तापले की त्याचे झिंबर होते आणि झिंबर वर जाऊन थंड झाले की त्याची फुंगळे बनतात.’ टुमक तापल्यावर त्याचे काय होते, असे विचारले तर तिसरीतले मूलही ‘झिंबर’ असे अचूक सांगेल, कारण प्रश्नातील शब्द वाक्यात शोधून त्याच्या शेजारचा शब्द उचलणे एवढेच काम त्याला करायचे असते. ज्या प्रश्नाचे उत्तर अर्थ न कळता देता येते, तो वाचनाचा प्रश्न असतो. त्याला आकलनाचा प्रश्न म्हणता येत नाही. आकलन म्हणजे वाचलेल्या मजकुरातील गोष्टींचा परस्परसंबंध कळणे आणि मजकुरात नसलेल्या, पण त्याच नियमाने घडणाऱ्या प्रसंगाला तो लावता येणे.

जलचक्राच्या बाबतीत हा संबंध तपासण्याची एक सरळ रीत आहे. कोणताही प्रसंग घ्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी आता कुठे आहे, ते कोणत्या रूपात आहे, आणि येथून पुढे ते कुठे जाईल. या प्रकरणात अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थितीवर बेतलेला एक छोटा पाठ आणि त्यावरचे सात प्रश्न दिले असून, प्रत्येक प्रश्नामागचा हेतू आणि त्याला येणाऱ्या चुकीच्या उत्तरांचा अर्थ स्पष्ट केला आहे.

पाठ

नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी पाठाची वाक्ये आखूड असावीत, एका वाक्यात एकच घटना यावी आणि घटनांचा क्रम वाक्यांच्या क्रमाशी जुळावा. पुढील मजकूर चौथीच्या मुलांना एका बैठकीत वाचता येईल, एवढाच ठेवला आहे.

‘उन्हाने समुद्राचे पाणी तापते. त्यातले थोडे पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे वारे ही वाफ घेऊन सह्याद्रीकडे येतात. डोंगराला अडून वारे वर चढतात. वर जाताना हवा थंड होते. तेव्हा वाफेचे बारीक थेंब होतात. असे असंख्य थेंब म्हणजे ढग. थेंब एकत्र येऊन मोठे झाले की पाऊस पडतो. अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात पडलेले पाणी प्रवरा नदीला मिळते. ते भंडारदरा धरणात साठते. पुढे नेवासे तालुक्यात प्रवरा गोदावरीला मिळते. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाचे काही पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींना येते. काही पाण्याची पुन्हा वाफ होते.’

या पाठात बाष्पीभवन आणि सांद्रीभवन हे शब्द मुद्दाम टाळले आहेत. पाण्याची वाफ होण्याला बाष्पीभवन आणि वाफेचे पुन्हा पाणी होण्याला सांद्रीभवन म्हणतात, ही ओळख प्रश्नोत्तरे झाल्यावर करून द्यावी, कारण हे जड शब्द आधी दिले तर मुले प्रत्येक ‘का’ला त्यांपैकी एक शब्द उत्तर म्हणून लिहितात आणि तो शब्द त्यांना कळला आहे की नुसता पाठ झाला आहे, हे ओळखता येत नाही.

पहिले दोन प्रश्न: वाचले का?

पहिला प्रश्न थेट माहितीचा ठेवावा: ‘भंडारदरा धरणात कोणत्या नदीचे पाणी साठते?’ त्याचे उत्तर पाठात स्पष्ट दिलेले आहे आणि ते उचलूनच लिहायचे आहे. वाचनात मागे असलेल्या मुलाला निदान एक उत्तर खात्रीने लिहिता यावे आणि ज्याला हेही लिहिता आले नाही, त्याची अडचण जलचक्राची नसून वाचनाची आहे हे शिक्षकाला कळावे, एवढ्यासाठी असा प्रश्न हवा. मात्र असा प्रश्न एकच पुरे.

दुसरा प्रश्न क्रमाचा असतो. ‘वाफेचे थेंब होतात’, ‘पाऊस पडतो’, ‘पाण्याची वाफ होते’ आणि ‘हवा वर चढते’ ही चार वाक्ये देऊन योग्य क्रम लावण्यास सांगितले जाते. येथे प्रश्न काढणाऱ्याकडून नेहमी होणारी चूक म्हणजे सुरुवात कोठून करायची हे न सांगणे. चक्राला सुरुवात नसते. पावसापासून आरंभ करून, पडलेल्या पाण्याची वाफ झाली, ती वर गेली आणि तिचे थेंब झाले असा क्रम लावणाऱ्या मुलाचे उत्तरही तितकेच बरोबर असते. त्याला शून्य गुण दिले तर ज्याला चक्र खरोखर समजले त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून ‘पाण्याची वाफ होते, येथून सुरुवात करा’ असे प्रश्नातच लिहावे आणि शेवटी एक पोटप्रश्न जोडावा: ‘शेवटच्या वाक्यानंतर पुन्हा कोणते वाक्य येईल?’ ज्या मुलाने क्रम सरळ रेषेसारखा पाठ केला आहे, ते येथे थांबते.

तिसरा प्रश्न: ताटातले पाणी

‘स्टीलच्या पसरट ताटात कपभर पाणी ओतून ताट उन्हात ठेवले. तेवढेच पाणी तांब्यात घेऊन तोही शेजारी ठेवला. संध्याकाळी ताट कोरडे झाले होते, तांब्यात पाणी होते. ताटातले पाणी आता कुठे आहे? ते तांब्यातल्या पाण्याच्या आधी का गेले?’

पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, ही मुलांमध्ये पक्की बसलेली समजूत या प्रश्नामुळे उघडी पडते. पाठात ‘उन्हाने पाणी तापते’ असे आहे आणि घरात वाफ दिसते ती आधणावर, त्यामुळे समुद्राचे पाणीही उकळत असावे असे काही मुलांना वाटते. प्रत्यक्षात पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ कोणत्याही तापमानाला निघत राहते. ऊन, वारा आणि कोरडी हवा असली की ती अधिक वेगाने निघते, एवढाच फरक. मे महिन्यात अहिल्यानगरच्या कोरड्या हवेत उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला १० मिलीमीटरांच्या आसपास उतरू शकते. १०० मिलिलिटर पाणी २५ सेंटीमीटर रुंदीच्या ताटात पसरले तर त्याचा थर जेमतेम २ मिलीमीटर होतो, म्हणून ते लवकर जाते. तांब्यातही पाणी तेवढेच असते, पण हवेला लागणारा त्याचा पृष्ठभाग लहान असतो. ‘ताट पसरट आहे, म्हणून जास्त पाणी हवेला लागते’ एवढे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत.

प्रश्नात फरशीऐवजी स्टीलचे ताट घेण्यामागे कारण आहे. इस्राएलमधील संशोधक वार्दा बार यांनी मुलांच्या जलचक्राविषयीच्या कल्पनांचा अभ्यास करून तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. लहान वयाची मुले पाणी नाहीसे झाले किंवा जमिनीने शोषून घेतले असे मानतात आणि ते हवेत गेले ही कल्पना त्यांना उशिरा येते, असे त्यांना आढळले. फरशीवरच्या पाण्याबद्दल विचारले तर ‘जिरले’ हे उत्तर अर्धवट खरेही असू शकते आणि मग गुण देताना पंचाईत होते. स्टीलच्या ताटात पाणी जिरत नाही, त्यामुळे ही वाट प्रश्नातच बंद होते. ‘सूर्याने पिऊन टाकले’ असे उत्तर आले तर ते सरसकट चूक धरण्याआधी ‘मग ते सूर्यावर गेले का?’ असे तोंडी विचारावे, कारण काही मुलांच्या मनात योग्य कल्पना असते आणि केवळ मांडणी ऐकीव असते.

चौथा प्रश्न: माठ आणि ग्लास

‘माठ बाहेरून ओला असतो. बर्फाचे पाणी घातलेला स्टीलचा ग्लासही थोड्या वेळाने बाहेरून ओला होतो. दोन्हींवरचे पाणी एकाच ठिकाणाहून आले का?’

उन्हाळ्यात ज्या घरांत माठ किंवा रांजण असतो, तेथील मुलांसाठी या प्रश्नात खरी अडचण दडलेली आहे. माठाच्या बारीक छिद्रांतून आतले पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून जात असल्याने पाणी गार राहते. हा अनुभव मुलाला पक्का माहीत असतो आणि म्हणूनच ग्लासवरचे थेंब पाहिले की ‘पाणी झिरपले’ हे उत्तर ते तर्काने, स्वतःच्या अनुभवाला धरून देते. न्यूझीलंडमधील रॉजर ऑस्बोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, भांड्याबाहेरचे पाणी काचेतून आले असे सांगणारी मुले त्यांना आढळली होती. माठ पाहिलेल्या मुलांकडे तर या उत्तराला पुरावाही असतो.

नुसते ‘नाही, हे सांद्रीभवन आहे’ असे सांगून ही समजूत जात नाही. ग्लासात बर्फासोबत रंगीत सरबत घालावे आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या कापडाने टिपून पाहावेत. पाणी आतून झिरपले असते तर कापडाला रंग लागला असता. पण कापड केवळ ओले होते. त्यावरून थेंब हवेतल्या न दिसणाऱ्या वाफेचे झाले आहेत, हे मुलांना स्वतः ठरवता येते आणि वर गेलेल्या हवेत ढग कसे बनतात याचा दुवा तेथेच जुळतो. प्रयोग करताना एक काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि तिच्यातील वाफ थोडी असल्याने, नुसते गार पाणी घेतले तर ग्लासवर थेंब जमतीलच असे नाही. अशा वेळी वर्गासमोर प्रयोग फसतो आणि मुले नेमका उलटा निष्कर्ष काढतात. म्हणून उन्हाळ्यात भरपूर बर्फ घ्यावा किंवा हा पाठच जुलै-ऑगस्टमध्ये ठेवावा, कारण तेव्हा ग्लास काही मिनिटांत ओला होतो.

पाचवा आणि सहावा प्रश्न: डोंगर आणि दोन समुद्र

‘ज्या समुद्रावरून वाफ आली, त्याच समुद्रात रतनगडाजवळ पडलेले पाणी परत जाते का?’

जलचक्राच्या प्रचलित चित्रात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि दोहोंमध्ये गोल फिरणारे बाण असतात. त्यामुळे पाण्याचा प्रत्येक थेंब निघाला तेथेच परत येतो, अशी समजूत होते. अहिल्यानगर जिल्ह्याची रचना ही समजूत मोडण्यास सोयीची आहे. पाठातच अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ही दोन्ही नावे आहेत, पण ती वेगवेगळ्या वाक्यांत आणि एकमेकांपासून दूर आहेत. उत्तर देण्यासाठी मुलाला ती दोन वाक्ये जोडावी लागतात. सगळे पाणी समुद्रापर्यंत पोचते असेही नाही, कारण वाटेत काही मुरते, काही पिकांना जाते आणि काही धरणांच्या पृष्ठभागावरून पुन्हा हवेत जाते. म्हणून ‘नाही, नदीतले पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते’ हे उत्तर पुरेसे मानावे आणि ‘काही पाणी वाटेतच वाफ होते’ असे भर घालणाऱ्या मुलाला जादा गुण द्यावा.

सहावा प्रश्न त्याच वाऱ्यांना पुढे नेतो: ‘तेच वारे डोंगर ओलांडून पारनेर आणि नगर तालुक्यांकडे येतात. तेथे अकोल्याच्या डोंगरापेक्षा पाऊस कमी का पडतो?’ सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघरसारख्या ठिकाणी वर्षाला हजारो मिलीमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या मध्य आणि पूर्व भागात तो ५०० मिलीमीटरांच्या आसपास असतो. डोंगराच्या मागे पाऊस कमी पडणाऱ्या अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. ‘बरीचशी वाफ डोंगरावरच पाऊस होऊन पडली’ आणि ‘वारे आता वर चढत नाहीत’ ही दोन्ही कारणे पाठातून काढता येतात. त्यांपैकी कोणतेही एक पुरते. खाली उतरणारी हवा तापते आणि त्यामुळे ढग विरतात, हे तिसरे कारण पाठात दिलेले नाही. ते वरच्या इयत्तेसाठी ठेवावे, कारण न शिकवलेल्या गोष्टीवर आकलन तपासता येत नाही.

सातवा प्रश्न: विहिरीला पाणी कुठून आले?

चित्रात बाण काढून न दाखवता येणारा जलचक्राचा भाग जमिनीखाली असतो आणि मुलांच्या चुकाही तेथेच सर्वांत जास्त होतात. त्यासाठी नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण घेता येते. पोपटराव पवार १९८९ मध्ये या गावाचे सरपंच झाले. त्यानंतरच्या काळात आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, नालाबांध आणि पाझर तलाव झाले, झाडे लावली गेली. बोअरवेलच्या पाण्यावर शेती न करण्याचा आणि ऊस, केळी यांसारखी जास्त पाण्याची पिके न घेण्याचा निर्णय गावाने घेतला. पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडणे आणि त्यावरून पिके ठरवणे ही तेथील पद्धत आहे.

यावरचा प्रश्न असा: ‘गावात डोंगरावर चर खणले. पाऊस पूर्वीइतकाच पडला. तरी विहिरींचे पाणी वाढले. हे वाढलेले पाणी पूर्वी कुठे जात होते?’ प्रश्नातील ‘पूर्वीइतकाच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसेल तर ‘चर खणल्यामुळे पाऊस जास्त पडला’ असे उत्तर येते. अपेक्षित उत्तर असे की, पूर्वी हे पाणी उतारावरून वेगाने ओढ्याला जाऊन गावाबाहेर वाहत होते. चरात अडल्यावर त्याला मुरायला वेळ मिळाला. पृष्ठभागावरून वाहून जाणाऱ्या या पाण्याला अपधाव म्हणतात. अपधाव कमी झाला की मुरणारे पाणी वाढते, पण आकाशातून येणारे एकूण पाणी तेवढेच राहते, हा हिशेब मुलाला कळला का, हे या प्रश्नावरून दिसते.

हिशेब पक्का करण्यासाठी एक लहान उदाहरण पुरते. १ चौरस मीटर जागेवर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. शाळेच्या एका खोलीचे छत ५० चौरस मीटर असेल आणि १० मिलीमीटर पाऊस पडला, तर छतावर ५०० लिटर पाणी पडले. पन्हाळीखालच्या टाकीत ४५० लिटर मिळाले, तर उरलेले ५० लिटर कुठे गेले, असे विचारावे. छत ओले झाले, काही पाण्याची वाफ झाली, काही बाहेर उडाले, अशी उत्तरे मुले स्वतः देतात आणि पाणी हरवत नाही, फक्त जागा बदलते, ही गोष्ट आकड्यांतून कळते.

विहिरीच्या प्रश्नासोबत एक चित्र काढायला सांगावे: ‘विहिरीच्या आजूबाजूला जमिनीखाली पाणी कसे असते, ते दाखवा.’ बरीच मुले विहिरीच्या तळाशी एक मोठे तळे किंवा भुयारातून वाहणारी नदी काढतात. या जिल्ह्याच्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे लाव्हारसापासून झालेला बेसाल्ट खडक आहे आणि पाणी त्यावरील मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी असताना थोड्या अंतरावरची विहीर कोरडी असू शकते. मुलाने मुरूम, भेगा आणि त्यांतून विहिरीत झिरपणारे पाणी दाखवले तर चित्र देखणे नसले तरी चालेल.

उत्तरांचे वाचन

सातही प्रश्नांची उत्तरे तपासताना गुणांची बेरीज करण्याआधी चुकांची विभागणी करावी. पहिला प्रश्न चुकला तर वाचनाकडे, तिसरा चुकला तर हवेतील न दिसणाऱ्या वाफेकडे, चौथा चुकला तर वाफेचे पाणी होण्याकडे, पाचवा आणि सहावा चुकला तर वाक्ये जोडून वाचण्याकडे आणि सातवा चुकला तर जमिनीखालच्या पाण्याकडे परत वळावे लागते. तिसऱ्या प्रश्नात अडलेल्या मुलाला चौथा आणि सहावा समजणे अवघड असते, कारण हवेत पाणी असते हेच ज्याला मान्य नाही, त्याच्यासाठी थेंब येणार कुठून? म्हणून वर्गातील अनेक उत्तरे चुकली असतील तर पुन्हा शिकवण्याची सुरुवात ताटातल्या पाण्यापासून करावी.

नवा प्रश्न तयार झाला की तो वर्गात देण्यापूर्वी त्यातील पाण्याच्या जागी ‘टुमक’ आणि वाफेच्या जागी ‘झिंबर’ घालून पाहावे; तरीही उत्तर देता येत असेल तर तो प्रश्न काढून टाकावा.